पाण्यात उभी तूर का सुकते, आणि पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

तुरीच्या शेतात पाणी तुंबलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक चमत्कारिक दृश्य दिसतं. बुडखे पाण्यात आणि पानं मात्र मान टाकलेली, जणू महिनाभर पाऊसच नाही. त्याच बांधापलीकडच्या खाचरात भात घोटाभर पाण्यात पाय सोडून मजेत उभा असतो. पाणी तेच, ऊन तेच, मातीही बहुधा तीच. फरक मुळांत आहे, आणि तो इतका ठळक आहे की दाढीच्या ब्लेडने मूळ आडवं कापून साध्या भिंगाखाली धरलं तरी दिसतो.

हा लेख त्या फरकापासून सुरू होऊन शेतातल्या कामापर्यंत जातो. तुरीवरच जास्त लिहिलंय, कारण खरी अडचण तिची आहे. भात इथे तुलनेपुरता.

आधी घड्याळ समजून घ्या

पीक पाण्याने मरत नाही, हवेवाचून मरतं. मुळाला श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या पोकळ्यांतून येतो. पाणी साचलं की त्या पोकळ्या पाण्याने भरतात. आता प्रश्न एवढाच की मुळाकडे किती वेळ उरतो. याचा हिशोब कागदावर मांडता येतो, आणि एकदा मांडला की पुढच्या कामाची घाई आपोआप कळते.

एक चौरस मीटर जमीन घ्या आणि तिचा वरचा 20 सेंटीमीटरचा थर. ही झाली 200 लिटर माती. भारी जमिनीत यातली साधारण निम्मी जागा, म्हणजे 100 लिटर, पोकळ्यांची धरू. वापशावर असताना त्यातल्या समजा 40 लिटरमध्ये हवा आहे. लिटरभर हवेत पाव ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो, म्हणजे या थरात एका वेळी 11 ग्रॅमच्या आसपास साठा. शिवाय तो वरून सतत भरला जातो.

आता मुसळधार पाऊस पडला आणि माती तुडुंब झाली. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. 90 लिटर पाणी धरलं तर पाऊण ग्रॅमही नाही. थोडी हवा बुडबुड्यांच्या रूपात अडकून राहते, ती 10 लिटर धरू. तिचे पावणेतीन ग्रॅम. एकूण साडेतीन ग्रॅम. उबदार दिवसांत मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव मिळून चौरस मीटरमागे दिवसाला 5 ते 15 ग्रॅम ऑक्सिजन खाऊ शकतात. हिशोबाला 8 धरले तर साठा दहा-साडेदहा तासांत संपतो.

वरून नवा ऑक्सिजन येत नाही का? येतो, पण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू सरकतो. एक सेंटीमीटर जाडीच्या स्थिर पाण्याच्या थरातून चौरस मीटरमागे दिवसभरात जेमतेम 0.15 ग्रॅम ऑक्सिजन खाली उतरतो. गरज 8 ग्रॅमची. म्हणजे वर आभाळभर हवा असून खाली मूळ उपाशी.

यातले आकडे तुमच्या जमिनीत थोडे इकडेतिकडे होतील. पण निष्कर्ष बदलत नाही: संध्याकाळी माती तुंबली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुळं गुदमरायला लागलेली असतात. हवा थंड असेल तर श्वसन मंदावतं आणि मुदत वाढते. तापमान दहा अंशांनी चढलं तर श्वसन ढोबळमानाने दुप्पट होतं आणि मुदत निम्मी. म्हणून पावसानंतर लगेच कडक ऊन पडतं ते दिवस सर्वांत वाईट. पाणी तापतं, आणि वर पानांना पाणी हवं असताना खाली मूळ बंद पडलेलं असतं.

मुळात नेमकं काय होतं

ऑक्सिजन असताना मूळ साखरेच्या एका कणापासून ऊर्जेची तिसाच्या आसपास नाणी काढतं. ऑक्सिजन संपला की त्याला किण्वनावर यावं लागतं, आणि तिथे त्याच साखरेतून नाणी मिळतात फक्त दोन. म्हणजे तेवढ्याच कामाला पंधरा पट साखर जाळायची. ढगाळ हवेत पानं साखर कमी बनवतात, त्यामुळे एकीकडे खर्च वाढलेला आणि दुसरीकडे कमाई घटलेली. मुळाची साठवलेली साखर संपली की टोकं मरायला लागतात. वाढीचं टोक आधी जातं, कारण त्याचीच भूक मोठी.

किण्वनामुळे पेशीतला रस आंबट होतो. या आम्लपणाने मुळांच्या पेशींवरच्या पाण्याच्या सूक्ष्म वाटा मिटतात. इथे सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर आहे. पाणी मुळाला टेकलेलं असतं, पण आत घेणारी दारं बंद असतात. पानं सुकतात ती खरोखरच तहानेने. ती सुकलेली पाहून कुणी पाणी दिलं तर काय होईल ते सांगायला नको.

मातीतही समांतर गोष्टी घडतात. ऑक्सिजन संपल्यावर सूक्ष्मजीव श्वासासाठी दुसरं काहीतरी शोधतात. पहिला बळी नायट्रेटचा. तुम्ही दिलेल्या खतातलं नायट्रेट वायू होऊन उडून जातं. मग मँगनीज आणि लोह विरघळून मुळांभोवती साचतात, आणि पाणी फार दिवस राहिलं तर गंधकाची पाळी येते. कुजक्या अंड्याचा वास येतो तो या टप्प्याचा. तो वास तुरीच्या शेतात आला, तर तिथल्या तुरीबद्दल फार आशा ठेवू नये.

दोन कुंड्या, एक ब्लेड

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर घरच्या घरी प्रयोग करा. मी तो केलेला आहे आणि कुणाला हा विषय सांगायचा असला की पुस्तक बाजूला ठेवून हाच दाखवतो. एकाच मातीने दोन कुंड्या भरा. एकीत तूर, दुसरीत भात, प्रत्येकी पाच-सहा रोपं. तीन आठवड्यांची झाली की दोन्ही कुंड्या बादलीत ठेवून माती बुडून वर दोन सेंटीमीटर पाणी उभं राहील इतकं पाणी भरा. तुरीची एक तिसरी कुंडी नेहमीसारखी ठेवा, तुलनेला.

माझ्याकडे पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बुडालेल्या तुरीची पानं लोंबली आणि संध्याकाळी थोडी सावरली. चौथ्या दिवशी खालची पानं पिवळी पडू लागली आणि देठ खाली वाकले. सहाव्या दिवशी पानगळ. आठव्या दिवशी सहापैकी चार रोपं गेली होती. भाताने या काळात एक नवं पान काढलं. तुमच्याकडे वाणानुसार दिवस पुढेमागे होतील, क्रम बहुधा हाच राहील.

चौथ्या दिवशी प्रत्येक कुंडीतलं एक रोप उपटून मुळं हलक्या हाताने धुवा. भाताचं जाडसर पांढरं मूळ निवडा, टोकापासून चार-पाच सेंटीमीटर मागे नव्या ब्लेडने शक्य तितकी पातळ आडवी चकती कापा आणि पाण्याच्या थेंबात ठेवून भिंगातून बघा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मधोमध एक बारीक गाभा, बाहेर एक कडा, आणि दोघांच्या मध्ये सायकलच्या चाकासारखे आरे. आऱ्यांमधल्या जागा रिकाम्या. तिथल्या पेशी मेलेल्या आहेत, आणि त्या ठरवून मेलेल्या आहेत. हाच एरेन्कायमा, म्हणजे हवेच्या नळ्यांचं जाळं. हेच मूळ पाण्यात धरून बोटाने दाबलं तर कापलेल्या तोंडातून बारीक बुडबुडे येतात.

तुरीच्या मुळाची तशीच चकती कापा. भरीव गाभा, त्याभोवती पेशींचा सलग थर, मोकळी जागा जवळपास नाहीच. बुडालेल्या रोपाचं मूळ तपकिरी झालेलं असतं आणि चिमटीत धरून ओढलं तर बाहेरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. ही साल निसटण्याची खूण लक्षात ठेवा, शेतात तीच वापरायची आहे.

नळ्या तयार कशा होतात

मूळ सतत थोडा इथिलीन वायू बनवत असतं. एरवी तो मातीत निघून जातो. मुळाभोवती पाणी आलं की तो बाहेर पडू शकत नाही आणि आतच साठतो. या साठलेल्या इथिलीनचा इशारा मिळाल्यावर सालीच्या मधल्या थरातल्या काही पेशी स्वतःला संपवतात, त्यांच्या भिंती विरघळतात आणि लांबच लांब पोकळ्या तयार होतात. त्या पोकळ्या वर खोडातल्या आणि पानांतल्या पोकळ्यांना जोडलेल्या असतात. पानातून शिरलेली हवा अशी मुळाच्या टोकापर्यंत पोचते. दुहेरी फायदा होतो: हवेला वाट मिळते आणि श्वास घेणाऱ्या पेशीही कमी होतात, म्हणजे मागणीच घटते.

इथे एक बारकावा आहे आणि तो व्यवहारात उपयोगी पडतो. इथिलीन बनवण्याच्या शेवटच्या पायरीला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. म्हणून ऑक्सिजन कमी झाला तर नळ्या तयार होतात, पण पूर्ण संपला तर होत नाहीत. मक्यासारखं पीक याबाबतीत मधलं आहे. एरवी त्याच्या मुळात नळ्या फारशा नसतात, ऑक्सिजन घटल्यावर दोन-तीन दिवसांत तो त्या पाडू लागतो. त्याला ते दोन-तीन दिवस मिळाले तर बरं. रात्रीतून माती ठप्प झाली तर तयारी करायलाही हवा उरत नाही. भात इतकी वाट बघतच नाही. कोरड्यात वाढवला तरी त्याच्या मुळात नळ्या असतात, पाणी आल्यावर त्या आणखी वाढतात. पाण्यात वाढलेल्या भाताच्या मुळाचा पाव ते तिसरा हिस्सा नुसती पोकळी असू शकतो.

पण नुसत्या नळ्या पुरत नाहीत, आणि हा भाग बऱ्याच ठिकाणी सांगायचा राहून जातो. ठिबकची नळी आठवा. शेवटच्या झाडापर्यंत पाणी जायचं असेल तर मध्ये भोकं नकोत. मूळ हे भोकाभोकांच्या नळीसारखं असेल तर वरून आलेली हवा वाटेतच भुकेल्या मातीत झिरपून जाईल. भात यावर उपाय करतो. मुळाच्या बाहेरच्या थरात तो बुचासारख्या आणि लाकडासारख्या पदार्थांचा लेप चढवतो, त्यामुळे बाजूने गळती थांबते आणि हवा थेट टोकाला जाते. टोकाजवळ लेप नसतो. तिथे थोडा ऑक्सिजन बाहेर येतो आणि मातीतलं विरघळलेलं लोह गंजून मुळावर बसतं. चिखलातून उपटलेल्या भाताच्या मुळांवर तांबूस थर दिसतो तो हाच. तांबूस मुळं आणि पांढरी टोकं म्हणजे यंत्रणा चालू आहे. मुळं काळी पडली आणि वास मारू लागली तर भातसुद्धा अडचणीत आहे असं समजा.

भात अजिंक्य नाही, हेही इथेच सांगतो. त्याची सगळी व्यवस्था पानं हवेत असण्यावर उभी आहे. पानांसकट पीक बुडालं की नळीचं वरचं तोंडच बंद होतं, आणि मग बहुतेक वाण एक-दीड आठवड्यात खचतात. सब-1 जनुक घातलेले वाण अशा वेळी वाढ थांबवून साखर वाचवतात आणि दोन आठवड्यांपर्यंत तग धरू शकतात. तो वेगळा विषय आहे.

तुरीचं घोडं कुठे अडतं

तुरीला नळ्या येतच नाहीत असं नाही. काही वाणांत पाणी साचल्यावर खोडाच्या बुडाशी साल फुगते, बारीक फोडासारखी छिद्रं उघडतात, पाण्याच्या पातळीजवळ नवी मुळं फुटतात आणि सालीत थोड्या पोकळ्याही होतात. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने निवडलेला आयसीपीएल 84023 हा वाण पाणी सोसण्यासाठी ओळखला जातो. पण ही सगळी जुळवाजुळव व्हायला काही दिवस लागतात, आणि घड्याळ तर तासांचं आहे.

शिवाय मुळाची रचनाच आड येते. भाताची मुळं तंतुमय असतात, खोडाच्या बुडातून नवी नवी फुटत राहतात. जुनं मूळ गेलं तर त्याच्या जागी नव्या नळ्या घेऊन दुसरं येतं. तुरीचं सोटमूळ एकच, खोल जाणारं. ते जाड होताना आतून लाकूड वाढतं आणि ज्या सालीत नळ्या पडायच्या ती सालच ताणून फाटते, झडते. कोरड्यात हेच सोटमूळ खालची ओल शोधून आणतं आणि तूर तग धरते. जी ताकद दुष्काळात वाचवते ती पाण्यात पायात बेडी होते.

तिसरं कारण गाठींचं. तुरीला नत्र मिळतं ते मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून. हवेतला नत्र पकडणं हे फार महाग काम आहे, त्यासाठी लागणारी ऊर्जा भरपूर श्वसनातूनच येते. ऑक्सिजन तुटला की गाठी काम थांबवतात. जिवंत गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी असते. तो रंग गाठीत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल द्रव्याचा. पाणी साचून गेलेल्या शेतात ती आतून हिरवट किंवा राखाडी-तपकिरी निघते. म्हणून तुरीवर एकाच वेळी दोन मार पडतात: मातीतलं नायट्रेट उडून गेलेलं आणि स्वतःचा कारखाना बंद. चौथ्या-पाचव्या दिवशी खालची पानं पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याला पुरवत असतं.

त्यात तूर सुरुवातीचे दीड-दोन महिने फार सावकाश वाढते. नेमक्या याच काळात पाऊस जोरात असतो, आणि रोपाकडे ना साठा असतो ना पसारा.

शेतात: पहिले दोन दिवस

पाऊस उघडला की पहिलं काम फवारणी नाही, खड्डा. शेताच्या सर्वांत सखल भागात कुदळीने फूटभर खोल खड्डा करा आणि तासाभराने त्यात पाणी किती वर आलंय ते मोजा. वरून माती कोरडी दिसते आणि चार बोटांखाली पाणी उभं असतं असं पुष्कळदा होतं. त्यामुळे नजरेवर जाऊ नका. पाणी जमिनीपासून 20 सेंटीमीटरच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल, तर मुळांचा मोठा भाग बुडालेला आहे आणि पाणी काढावंच लागेल.

चर काढताना सुरुवात बाहेर जाण्याच्या तोंडापासून करा आणि वर चढत जा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली नेऊन साठवण्यापलीकडे काही होत नाही. मुख्य चर कुदळभर रुंद, 30 ते 45 सेंटीमीटर खोल आणि उताराला धरून. ओळींमधून त्याला मिळणारे उथळ चर पुरतात. चराचा तळ शेताच्या सर्वांत सखल जागेपेक्षा खाली हवा, नाहीतर ती जागा तळं म्हणूनच राहते. ओल्या शेतात बैल, ट्रॅक्टर घालू नका आणि माणसंही ठरावीक ओळींतूनच चालू द्या. ओली भारी माती पायाखाली दाबली की उरलेल्या पोकळ्याही मिटतात.

एका वर्षीचा माझा स्वतःचा प्रसंग सांगतो. तूर पस्तीस दिवसांची होती. तीन दिवस झड लागली आणि खालच्या कोपऱ्यातल्या साधारण अर्ध्या एकरात पाणी राहिलं. खड्ड्यात पाणी जमिनीपासून 12 सेंटीमीटरवर होतं. चर काढला तो तिसऱ्या दिवशी, कारण त्याआधी मी पिवळी पडलेली रोपं बघून घाबरलो आणि ओल्या जमिनीत युरिया फेकला. आता कळतं की त्यातला बराचसा वाहून किंवा हवेत गेला असणार. पाणी चोवीस तासांत उतरलं. पुढच्या दोन दिवसांत ऊन पडलं आणि रोपं पूर्वीपेक्षा जास्त सुकली, तेव्हा चुकलो असंच वाटलं.

चुकलो नव्हतो. पाणी उतरल्यावर हवा अचानक आत येते आणि बंद पडलेल्या पेशींना तीही पहिल्यांदा झेपत नाही. ऑक्सिजनच्या उग्र रूपांनी त्यांना इजा होते. त्यात मुळांची टोकं मेलेली, म्हणून उन्हात पानांना पाणी पुरत नाही. हे दोन-तीन दिवस सुकणं धरूनच चाला. पाणी देऊ नका.

सहाव्या दिवशी मी अर्ध्या एकरात फिरून निरनिराळ्या जागची दहा रोपं उपटली. प्रत्येकात तीन गोष्टी बघितल्या: शेंडा नखाने कुरतडल्यावर हिरवा आहे का, मुळाची साल ओढल्यावर निसटते का, आणि बुडाजवळ पांढरी नवी मुळं फुटलीत का. सहा रोपांत शेंडा हिरवा आणि पांढरी मुळं दिसली, दोनांत शेंडा हिरवा पण मुळं नव्हती, दोन मेलेली होती. पीक ठेवायचं ठरवलं. दहातली सहा-सात जगत असतील आणि मोकळ्या जागा विखुरलेल्या असतील तर शेजारची तूर पसरून बरीच जागा भरून काढते. सलग पट्टा गेला असेल तर तिथे आशेवर थांबू नका, वापसा येताच दुसरं काही पेरा.

वापसा आल्यावर

मातीचा गोळा मुठीत दाबून टाकला आणि तो फुटला की कोळपणी करा. उथळ, फक्त वरची खपली फोडण्याइतकी. खपली राहिली तर पाणी जाऊनही हवा आत शिरत नाही. बुडाशी थोडी माती लावली तर वर फुटलेल्या नव्या मुळांना आधार मिळतो. मात्र खोडावर डाग दिसत असतील तर माती लावू नका, कारण पुढे सांगतो.

नत्र मुळांतून देण्यापेक्षा पानांतून द्या, कारण मुळं अजून घेण्याच्या स्थितीत नसतात. युरियाचं 1 ते 2 टक्के द्रावण, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ते 200 ग्रॅम. कोवळ्या किंवा खूप ताण बसलेल्या पिकाला 1 टक्काच ठेवा आणि संध्याकाळी फवारा. उन्हात पानं करपतात. आठवड्याने गरज वाटली तर पुन्हा. गाठी परत कामाला लागायला वेळ लागतो, तेवढा काळ हा आधार पुरतो. यापलीकडे पाच-सहा औषधांचं मिश्रण फवारण्यात मला तरी अर्थ दिसलेला नाही.

आता रोगाची गल्लत. पाणी साचल्यानंतर मेलेलं प्रत्येक रोप गुदमरूनच मेलेलं असतं असं नाही. फायटोफ्थोरा ही बुरशी ओल्या मातीतून आणि साचलेल्या पाण्यातून पसरते. तिची खूण म्हणजे जमिनीलगत किंवा थोडं वर खोडावर तपकिरी-काळा खोलगट डाग; तो खोडाला वेढतो आणि वाऱ्यात खोड तिथेच मोडतं. गुदमरलेल्या रोपात असा डाग नसतो, मुळापासून सुरुवात असते आणि सखल भागातली रोपं सरसकट एकदम उतरतात. मर रोग आणखी वेगळा. तो बहुधा फुलोऱ्याच्या सुमारास उठतो, खोड उभं चिरल्यावर आत काळसर-तपकिरी रेघा दिसतात आणि त्याला पाणी साचलेलं असावंच लागतं असं नाही. फायटोफ्थोराचा डाग सापडला तर निचरा तर हवाच, पण पुढच्या हंगामात मेटालॅक्झिल या बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया लेबलवरच्या मात्रेत करा आणि त्या जागी लगेच पुन्हा तूर घेऊ नका.

पेरणीच्या आधीच करायचं काम

भारी जमिनीत खरा उपाय पेरणीच्या दिवशीच होतो. रोपाचं बूड पाण्यापेक्षा वर ठेवायचं, बस. रुंद वरंबा-सरी पद्धतीत दीड मीटरचा एक गाळा असतो: एक मीटर रुंदीचा वरंबा आणि अर्धा मीटर सरी. तूर वरंब्यावर, पाणी सरीतून बाहेर. सऱ्यांना उतार हवा पण बेताचा, 100 मीटरला 40 ते 80 सेंटीमीटर. त्याहून कमी असेल तर पाणी सरीतच उभं राहतं, खूप जास्त असेल तर माती घेऊन जातं. सपाट जमिनीपेक्षा 15 सेंटीमीटरचा उंचवटा फार वाटत नाही, पण वरचा हिशोब आठवा: त्या 15 सेंटीमीटरमधल्या पोकळ्यांत हवा राहिली तर रोपाला नवी मुळं फुटेपर्यंतचे दिवस मिळतात.

सरीचं तोंड चराला आणि चराचं तोंड बाहेर मिळालेलं आहे का, हे पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जाऊन बघा. बहुतेक वरंबा-सरी शेवटच्या दोन मीटरवर फसते. बांध फोडायचा राहून जातो आणि सगळ्या सऱ्यांचं पाणी एका कोपऱ्यात गोळा होतं.

त्याच फेरीत जिथे जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे खुंट्या ठोका आणि काढणी होईपर्यंत त्या राहू द्या. पुढच्या वर्षी तूर पेरताना त्या खुंट्यांच्या आतली जागा सोडा, किंवा पाणी कायमच थांबत असेल तर तिथे सरळ भात लावा.